सापळ्याचा फायदा नेमका कोणाला? प्रोत्साहन-आराखडा आणि ‘अनुसारी’ शेतकरी

कपाशीचा हंगाम संपला की गुलाबी बोंडअळीविषयीच्या अहवालांत एक वाक्य हमखास आढळते : “कामगंध सापळे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेतात किडलेल्या बोंडांचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते.” वाक्य खरे असते, मोजणीही प्रामाणिक असते. तरीही सापळ्यामुळे किती फायदा झाला, या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. कोणी न सांगता सापळे लावणारा शेतकरी बहुधा पेरणी वेळेवर करतो, डोमकळ्या वेचून नष्ट करतो, फरदड घेत नाही आणि हंगाम संपताच पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावतो. त्याच्या शेतातील कमी कीड ही सापळ्याची पुण्याई किती आणि या सवयींची किती, हे अशा तुलनेतून वेगळे करता येत नाही.

यावर शास्त्रीय उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून शेतकऱ्यांचे दोन गट करणे. परंतु एखाद्या शेतकऱ्यावर सापळ्याची सक्ती करता येत नाही आणि दुसऱ्याला स्वखर्चाने सापळा लावण्यास मनाई करणेही योग्य नाही. अशा वेळी चिठ्ठी सापळ्यासाठी न टाकता प्रोत्साहनासाठी टाकली जाते. कोणाला कूपन द्यायचे हे दैवावर सोडायचे आणि सापळा लावायचा की नाही हे शेतकऱ्यावर. या पद्धतीला प्रोत्साहन-आराखडा म्हणतात. तो सोपा दिसतो, पण त्यातून हाती येणारा आकडा नेमका कोणाविषयी बोलतो, याबाबत मोठा गैरसमज होतो. हा लेख त्या गैरसमजाविषयी आहे.

एक उदाहरण

पुढील सर्व आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले काल्पनिक आकडे आहेत. समजा, एका तालुक्यात १,००० कपाशी उत्पादक आहेत. चिठ्ठ्या टाकून ५०० जणांना सापळे आणि ल्यूर यांचे मोफत कूपन दिले. उरलेल्या ५०० जणांना काहीही दिले नाही. मात्र कृषी सेवा केंद्रातून सापळे विकत घेण्यास त्यांना मोकळीक आहे.

‘सापळा वापरला’ याचा अर्थ आरंभीच ठरवून घेऊ. हेक्टरी पाच सापळे लावले, ल्यूर मुदतीत बदलली, पतंग नियमित मोजले आणि सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी आठ पतंग ही नुकसानीची पातळी गाठली गेल्यावर उपाययोजना केली, तरच तो शेतकरी ‘वापरणारा’. हंगामाच्या उत्तरार्धात प्रत्येक शेतातून हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहिली आणि शंभर बोंडांमागे किती किडलेली आहेत हे नोंदवले.

कूपन मिळालेल्या ५०० पैकी ३०० जणांनी, म्हणजे ६० टक्क्यांनी, सापळे वापरले. कूपन न मिळालेल्या ५०० पैकी १०० जणांनी, म्हणजे २० टक्क्यांनी, स्वतःहून वापरले. कूपन गटात सर्व ५०० शेतांची सरासरी शंभर बोंडांमागे १८ किडलेली बोंडे अशी निघाली, तर दुसऱ्या गटात २२.

या दोन सरासरींतील ४ बोंडांचा फरक हा चिठ्ठीचा परिणाम आहे. चिठ्ठ्या निःपक्ष असल्याने तो विश्वासार्ह आहे. पण तो कूपन देण्याचा परिणाम आहे, सापळा वापरण्याचा नव्हे. कूपन मिळूनही २०० जणांनी सापळे वापरलेच नाहीत आणि दुसऱ्या गटातील १०० जणांनी कूपनाशिवाय वापरले. दोन्ही गोष्टींमुळे फरक पातळ झाला आहे.

चार प्रकारचे शेतकरी

आता प्रत्येक शेतकऱ्याविषयी दोन प्रश्न मनात धरू. कूपन मिळाले तर तो सापळा वापरील का? आणि कूपन न मिळाले तर? या दोन उत्तरांनुसार शेतकऱ्यांचे चार प्रकार पडतात.

काही जण कूपन असो वा नसो, सापळे वापरणारच. त्यांना स्वयंप्रेरित म्हणू. काही जण कूपन मिळाले तरी वापरणार नाहीत, ते अलिप्त. काही जण कूपन मिळाले तरच वापरतील, एरवी नाही. ते अनुसारी, म्हणजेच सांख्यिकीच्या भाषेतील ‘कम्प्लायर्स’. आणि चौथे ते, जे एरवी वापरले असते पण कूपन मिळाल्यामुळे वापरणार नाहीत, ते विपरीत. हे चौथे नाहीत असे तूर्त धरू. त्यांच्याकडे पुढे परत येऊ.

कूपन गटात सापळा वापरणाऱ्या ३०० जणांत स्वयंप्रेरित आणि अनुसारी मिसळलेले आहेत. त्यांतील एखाद्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून तो यांपैकी कोण, हे सांगता येत नाही, कारण कूपन नसते तर त्याने काय केले असते हे आपण पाहिलेलेच नाही. परंतु माणसे ओळखता आली नाहीत तरी संख्या काढता येते. कूपनाविना सापळे वापरणारे फक्त स्वयंप्रेरित असू शकतात आणि ते २० टक्के आहेत. कूपन मिळूनही न वापरणारे फक्त अलिप्त असू शकतात आणि ते ४० टक्के आहेत. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गटांत ही प्रमाणे जवळपास सारखीच असणार. म्हणून उरलेले ४० टक्के अनुसारी.

स्वयंप्रेरितांनी दोन्ही गटांत सापळे वापरले आणि अलिप्तांनी दोन्ही गटांत टाळले. चिठ्ठीने त्यांच्या शेतात काही बदलले नाही. म्हणजे गटांच्या सरासरीतील ४ बोंडांचा संपूर्ण फरक केवळ ४० टक्के अनुसाऱ्यांच्या शेतांतून आला असला पाहिजे. त्यावरून :

(२२ − १८) ÷ (०.६० − ०.२०) = ४ ÷ ०.४० = १०

अनुसारी शेतकऱ्यांत सापळ्याच्या वापरामुळे शंभर बोंडांमागे सरासरी १० बोंडे वाचली. हाच तो ‘लोकल अ‍ॅव्हरेज ट्रीटमेंट इफेक्ट’, म्हणजे स्थानिक सरासरी परिणाम. येथे ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ गाव किंवा तालुका असा नाही. या विशिष्ट प्रोत्साहनाने ज्यांचे वर्तन बदलले त्या शेतकऱ्यांपुरता मर्यादित, असा त्याचा अर्थ आहे. गिडो इंबेन्स आणि जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये डोनाल्ड रुबिन यांच्यासह तिच्यामागील गृहीतके स्पष्ट केली. २०२१ च्या अर्थशास्त्रातील नोबेल स्मृती पारितोषिकाचा अर्धा वाटा अँग्रिस्ट आणि इंबेन्स यांना मिळाला.

अनुसारी कोण, हे कसे कळते?

वजाबाकीची हीच युक्ती थोडी पुढे नेता येते. समजा, कूपन मिळूनही सापळे न वापरणाऱ्यांच्या शेतात शंभरामागे २८ बोंडे किडली. हे सर्व अलिप्त आहेत. कूपन नसलेल्या गटातील न वापरणाऱ्या ४०० जणांची सरासरी २४.५ आली. या ४०० मध्ये २०० अलिप्त आणि २०० अनुसारी आहेत. अलिप्तांची सरासरी २८ असेल, तर मिश्रण २४.५ होण्यासाठी अनुसाऱ्यांची सरासरी २१ असली पाहिजे. याच रीतीने दुसऱ्या बाजूने पाहू. कूपनाविना सापळे वापरणाऱ्या स्वयंप्रेरितांची सरासरी १२ आहे. कूपन गटातील ३०० वापरणाऱ्यांची सरासरी ११.३ आहे, त्यांत १०० स्वयंप्रेरित व २०० अनुसारी आहेत. म्हणून सापळा वापरणाऱ्या अनुसाऱ्यांची सरासरी ११ निघते. सापळ्याविना २१, सापळ्यासह ११. फरक पुन्हा १०.

आता लेखाच्या आरंभीच्या वाक्याकडे वळू. याच तालुक्यात ‘वापरणारे’ आणि ‘न वापरणारे’ यांची सरळ तुलना केली असती, तर वापरणाऱ्यांची सरासरी ११.५ आणि न वापरणाऱ्यांची सुमारे २५.७ आली असती. फरक चौदा बोंडांहून अधिक. तो एवढा मोठा दिसतो, कारण न वापरणाऱ्यांत अलिप्तांचा भरणा आहे आणि त्यांच्या शेतात कीड मुळातच जास्त आहे.

अनुसाऱ्यांची परिस्थितीही याच हिशेबाने उलगडते. समजा, तालुक्यातील ६० टक्के शेतकऱ्यांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. स्वयंप्रेरितांत हे प्रमाण ३० टक्के आणि अलिप्तांत ८० टक्के आढळले. तर ०.२ × ३० अधिक ०.४ × ८० म्हणजे ३८, ६० मधून ३८ वजा जाता उरतात २२, त्यांना ०.४ ने भागले की ५५. अनुसाऱ्यांपैकी ५५ टक्के अल्पभूधारक आहेत. अलिप्त मात्र बहुतांशी अल्पभूधारक आहेत. कदाचित मजुरीला जावे लागत असल्याने दररोज पतंग मोजण्यास त्यांना सवड नसेल. कारण काहीही असो, त्यांच्या शेतात सापळ्याने किती बोंडे वाचली असती, याविषयी हा प्रयोग काहीही सांगत नाही. त्यांच्यापैकी एकानेही सापळा वापरलेला नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ‘अनुसारी’ ही शेतकऱ्याच्या स्वभावावरची कायमची मोहर नव्हे. ती प्रोत्साहनावर अवलंबून असते. कूपनाऐवजी केवळ मोबाइलवर संदेश पाठवला, तर आधीच सापळा घ्यावा की नाही या विचारात असलेले थोडेच शेतकरी पुढे येतील. सापळे लावून देऊन मोजणीसाठी माणूसही दिला, तर आज अलिप्त असलेले कित्येक अनुसारी होतील. दोन प्रयोगांत सापळा तोच, कीड तीच, आणि तरीही उत्तर वेगळे येऊ शकते. त्यात कोणाची चूक असेलच असे नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या शेतकऱ्यांविषयी बोलत असतात.

संदेशासारख्या क्षीण प्रोत्साहनात आणखी एक धोका असतो. संदेशाने वापर २० वरून केवळ २५ टक्क्यांवर गेला, तर भागाकार ०.०५ ने होतो, म्हणजे अंशातील आकडा वीस पट होतो. बोंडांच्या मोजणीत गटांच्या सरासरीत नुसत्या योगायोगाने एका बोंडाचा फरक पडला, तरी अंतिम उत्तरात वीस बोंडांची चूक शिरते. आपल्या कूपनाच्या उदाहरणात तीच चूक अडीच बोंडांची झाली असती. म्हणून वापरातील वाढ अगदी थोडी असेल, तर अंतिम आकड्यावर विसंबू नये.

प्रोत्साहनाची दुसरी वाट

वरील भागाकार ज्या गृहीतकावर सर्वाधिक विसंबून आहे ते असे : कूपनाचा बोंडांवर झालेला परिणाम केवळ सापळ्याच्या वाटेने झाला. विस्तार कार्यात हे गृहीतक मोडणे फार सोपे आहे. कूपन देताना कार्यकर्त्याने अर्धा तास प्रात्यक्षिक दाखवले, डोमकळी कशी ओळखावी हे सांगितले, फरदड घेऊ नका असे बजावले, तर सापळा न वापरणारा अलिप्त शेतकरीही त्यातले काही अमलात आणील.

समजा, अशा सल्ल्यामुळे कूपन गटातील सर्वच शेतांत शंभरामागे दोन बोंडे वाचली. मग ४ पैकी २ बोंडे सल्ल्याची आणि उरलेली २ सापळ्याची. सापळ्याचा खरा परिणाम २ ÷ ०.४० म्हणजे ५; आपण मात्र १० लिहून मोकळे झालो. दोन बोंडांची गफलत भागाकाराने पाच बोंडांची केली.

ही शंका केवळ कागदी नाही. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या एका प्रयोगात काही डॉक्टरांना, निवड चिठ्ठीसारखी दैवावर सोडून, रुग्णांना फ्लूची लस देण्याविषयी संगणकाद्वारे स्मरणपत्रे देण्यात आली. स्मरणपत्राने लस घेण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांच्या आसपास गेले. हिरानो, इंबेन्स, रुबिन आणि झोऊ यांनी २००० मध्ये या माहितीची पुन्हा छाननी केली. जे रुग्ण स्मरणपत्राविनाही लस घेणारच होते, त्यांच्यातही स्मरणपत्राचा लाभ दिसत असल्याचे त्यांना सूचित झाले. ज्यांच्या लसीकरणात स्मरणपत्राने काही बदल झाला नाही, त्यांना लाभ झाला असेल, तर तो लसीच्या वाटेने आलेला नाही. मग उरलेल्यांतील सर्व लाभही लसीच्याच खात्यावर टाकता येत नाही.

आपल्या क्षेत्रात ही दुसरी वाट शोधण्यासाठी किडीच्या जीवशास्त्राचा उपयोग होतो. गुलाबी बोंडअळीचा कामगंध तिच्याच नर पतंगांना आकर्षित करतो. तुडतुडे किंवा फुलकिडे यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून कूपन दिल्यानंतर, पण सापळे लावण्यापूर्वी, दोन्ही गटांतील शेतांत रसशोषक किडींची मोजणी करावी. कूपन गटात त्या आधीच कमी दिसल्या, तर शेतकऱ्यांची एकूण निगराणीच बदलली आहे, असे समजावे. ही मोजणी सापळ्यांपूर्वीच हवी. पतंगांच्या संख्येवरून फवारणी सुरू झाली की त्या फवारणीचा परिणाम रसशोषक किडींवरही होतो आणि खूण पुसली जाते. त्याहून उत्तम उपाय म्हणजे सल्ला दोन्ही गटांना सारखाच द्यावा आणि फरक फक्त कूपनाचा ठेवावा.

याच गृहीतकाला नोंदवहीतूनही तडा जातो. ज्याने सापळे टांगले पण पतंग दोनचारदाच मोजले, त्याची नोंद ‘न वापरणारा’ अशी झाली आणि तरीही त्याला थोडा फायदा झाला, तर तो फायदा अनुसाऱ्यांच्या नावावर जमा होतो. म्हणून केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ न लिहिता मोजणीच्या तारखा लिहून ठेवाव्यात.

विपरीत शेतकरी आणि शेजारचे शिवार

आता चौथ्या प्रकाराकडे. कूपन मिळाल्यामुळे सापळा टाळणारा शेतकरी विरळा. पण प्रोत्साहन जर साप्ताहिक कीड-संदेशाचे असेल, तर विपरीत शेतकरी सहज संभवतो. एरवी स्वतः पतंग मोजणारा शेतकरी म्हणतो, “आता संदेश येतोच आहे, मग मी कशाला मोजू?” आणि सापळे काढून ठेवतो. अशा वेळी वापरातील वाढीत काहींची भर आणि काहींची वजावट मिसळते आणि भागाकाराचे उत्तर कोणत्याही एका गटाचे राहत नाही. मागील हंगामात कोण सापळे वापरत होते हे आधी नोंदवले असेल, तर त्यांच्यातील किती जणांनी संदेशानंतर ते सोडले, याचा अंदाज घेता येतो.

शेजाऱ्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. हेक्टरी पाच सापळे पतंगांचा बंदोबस्त करण्यासाठी नसून त्यांचा सुगावा लागण्यासाठी असतात; त्यामुळे शेजारच्या शेतातील पतंग त्यांनी फारसे घटत नाहीत. पण सुगावा मात्र बांध ओलांडतो. “काल माझ्या सापळ्यात दहा पतंग आले,” हे पारावर कळले की कूपन नसलेला शेजारीही फवारणीची तयारी करतो. त्याचे नुकसान कमी होते आणि दोन गटांतील फरक आटतो. उपाय म्हणून चिठ्ठी शेतकऱ्यांच्या नावाने न टाकता गावांच्या नावाने टाकावी. मात्र तसे केल्यास प्रयोगाचा भक्कमपणा गावांच्या संख्येवरून मोजावा लागतो, शेतकऱ्यांच्या नव्हे. प्रत्येकी शंभर शेतकऱ्यांची दहा गावे म्हणजे हजार स्वतंत्र साक्षी होत नाहीत. मीलन-अडथळा तंत्रात तर कामगंधाचा प्रभाव सलग क्षेत्रावर अवलंबून असल्याने शेतकरीनिहाय चिठ्ठ्यांचा आराखडा मुळातच लागू पडत नाही.

कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा?

या सर्व अटी पाळल्या गेल्या, असे समजू. आता तालुक्याच्या बैठकीत तीन वेगवेगळे प्रश्न येतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे.

“हीच कूपन योजना अशाच दुसऱ्या तालुक्यात नेली तर काय होईल?” येथे उत्तर ४. कारण तेथेही काही जण कूपन वाया घालवतील आणि काही जण एरवी घेतलेच असते ते सापळे फुकट घेतील. खर्चाचा हिशेबही येथेच करावा. वापरल्या गेलेल्या ३०० कूपनांपैकी १०० स्वयंप्रेरितांकडे गेली. नव्याने वापर सुरू झाला तो २०० शेतांत. खर्चाला भागायचे ते २०० ने, ३०० ने नव्हे.

“ज्यांना आपण कूपनाने सापळ्याकडे वळवले, त्यांना फायदा झाला का?” येथे उत्तर १०. केवळ ४ हा आकडा पाहून तंत्र कुचकामी ठरवणे अन्यायाचे होईल.

“सर्वांना सापळे बंधनकारक केले तर शंभरामागे दहा बोंडे वाचतील का?” या प्रश्नाला या प्रयोगातून उत्तर नाही. ४० टक्के अलिप्तांविषयी आपल्याकडे पुरावाच नाही आणि सक्तीने टांगलेला सापळा मोजणीशिवाय रिकामाच लोंबकळत राहण्याची शक्यता अधिक.

म्हणून अहवालात “सापळ्यांमुळे दहा बोंडे वाचली” एवढेच न लिहिता असे लिहावे : “मोफत कूपनामुळे सापळ्यांचा वापर २० वरून ६० टक्क्यांवर गेला. कूपन गटात किडलेली बोंडे शंभरामागे ४ ने कमी होती. केवळ कूपनामुळे सापळे वापरू लागलेल्या ४० टक्के शेतकऱ्यांत हा फायदा सरासरी १० बोंडांचा होता. कूपन मिळूनही सापळे न वापरणाऱ्या ४० टक्क्यांविषयी, ज्यांत अल्पभूधारक अधिक आहेत, या प्रयोगातून निष्कर्ष काढता येत नाही.” वाक्ये चार झाली, पण पुढील हंगामात कोणाच्या बांधावर जाऊन विचारपूस करायची, हे त्यांतील शेवटचे वाक्य सांगते.